खोकं, काडी आणि घड्या

गॅरेजमध्ये सुट्या भागांना तीन विशेषणं लागतात: ओरिजिनल, लोकल आणि डुप्लिकेट. बाहेरच्या माणसाला शेवटची दोन एकच वाटतात, पण मेस्त्री लोक त्यांत फार फरक करतात. लोकल म्हणजे एखाद्या छोट्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेला स्वस्त माल. तो बरा असेल, बेताचा असेल, पण तो आपलं नाव लपवत नाही. डुप्लिकेट मात्र दुसऱ्याचं नाव लावून येतो. तो गाडीत चालतो की नाही हा पुढचा प्रश्न झाला. खोटं तर तो खोक्यावरच बोललेला असतो.

बेळगावात आमच्या पप्पांचं दुचाकींचं गॅरेज आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या कामात एका नव्या कामाची भर पडली आहे, ती म्हणजे फोटो बघणं. लोक स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर ऑनलाइन मागवतात, किंवा दुसऱ्या गावात विकत घेतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विचारतात, "मेस्त्री, ओरिजिनल आहे काय बघा की." पप्पांना आता जवळचं बारीक दिसत नाही. चष्मा लावून प्लग हातात धरला तर त्यांना सगळं कळतं, पण मोबाइलच्या काचेवरचा प्लग त्यांना परका वाटतो. म्हणून फोटो मोठा करून बघायचं काम माझ्याकडे आलं. काय बघायचं ते पप्पा सांगतात, काय दिसतं ते मी सांगते. आपल्या मंडळाच्या अंकाची मुद्रितं तपासताना जी सवय लागली, ती इथे उपयोगी पडते. वाचायचं नाही, नुसतं बघायचं. अक्षराचा अर्थ बाजूला ठेवून त्याची कड बघायची.

पप्पांचा नियम एकच आहे: "नक्कल करणारा पैसे कुठं वाचवतो, तिथं बघ." साधं वाक्य आहे, पण पुढचं सगळं त्यातून निघतं.

नक्कल करणाऱ्याचा धंदा नावावर चालतो. खरा प्लग आणि खोटा प्लग यांच्या किमतीत जो फरक आहे, त्यातून त्याला नफा काढायचा असतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला जे पहिल्यांदा दिसतं, त्यावर तो खर्च करतो, आणि जे कुणी बघत नाही तिथे काटकसर करतो. खोकं छापायला स्वस्त असतं. चांगला छापखाना मिळाला तर खोकं हुबेहूब निघतं. धातूचं काम मात्र महाग: नेमकी वाकवलेली पट्टी, मधोमध बसलेली काडी, दाबून काढलेले आटे यांना यंत्रं लागतात आणि नग मोडीत काढायची तयारी लागते. फिल्टरमध्ये खर्चिक असतो तो कागद, म्हणजे किती घड्या घातल्या ते. म्हणून खोकं हा सगळ्यांत कच्चा पुरावा, आणि इलेक्ट्रोड व घड्या हा सगळ्यांत पक्का. लोक फोटो पाठवतात ते नेमके उलट. खोक्याचे पाच, प्लगचा एक, आणि तोही पिशवीतून न काढता.

खोक्यावर विसंबलं तर काय होतं, ते आमच्याच भागात घडलं. एका गिऱ्हाइकाने शेजारच्या गल्लीतल्या दुकानातून प्लग घेतला. घरी जुन्या प्लगचं रिकामं खोकं होतं. दोन्ही शेजारी ठेवली तर रंगात फरक, एका ओळीची जागा बदललेली, आणि कंपनीच्या नावाखालची बारीक अक्षरं नव्या खोक्यावर थोडी जाड. त्याने दोन्हींचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली दुकानदाराचं नाव घालून लिहिलं की हा माणूस डुप्लिकेट विकतो. मग पप्पांना टॅग करून, "मेस्त्री, तुम्हीच सांगा."

ग्रुपवर दीडशे माणसं. दुकान चालवणारा माणूस पप्पांच्या ओळखीचा, पण तसा धंद्यातला स्पर्धकही. पप्पांनी एक शब्द लिहिला तर त्याची चार पैशांची पत जाणार होती. मी फोटो मोठा करून बघितला. अक्षरांभोवती करड्या ठिपक्यांची झालर दिसत होती. खरं खोकं स्कॅन करून परत छापलं की बारीक काळी अक्षरं एका शाईची न राहता रंगीत ठिपक्यांची होतात आणि त्यांच्या कडा फुटतात, हे मला माहीत होतं. पण झालर दोन्ही खोक्यांवर होती, जुन्यावरसुद्धा, ज्याच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. म्हणजे ती छपाईची नव्हती, व्हॉट्सअ‍ॅपची होती. साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि गडद अक्षर व फिकी पार्श्वभूमी जिथे भेटतात तिथे नेमका असा धुरळा उठतो.

मी पप्पांना हे सांगितलं. त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं: "खोक्यावरून सांगता येत नाही. प्लगचे फोटो पाठवा, टोकाचा आणि बाजूचा. फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की मूळ फोटो न दाबता येतो. त्या फोटोंत प्लगमध्ये काही वावगं दिसलं नाही. मग पप्पा म्हणाले, "उद्या घेऊन या." हातात घेऊन, आमच्याकडच्या त्याच कोडच्या प्लगशी ताडून बघितला. सगळं जुळलं. पंधरा दिवसांनी कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून आमच्याकडे नवा माल आला, तो त्याच नव्या रंगाच्या खोक्यात. कंपनीने खोकं बदललं होतं, एवढंच. तोवर दुकानदाराच्या नावाने ग्रुपवर बरंच काही बोलून झालं होतं.

खोकी बदलत असतात. कारखाना बदलला की "मेड इन"चा देश बदलतो, किमतीचा शिक्का बदलतो, छापखाना बदलला की निळा रंग थोडा जांभळा होतो. म्हणून "माझ्या जुन्या खोक्यापेक्षा वेगळं आहे" हा पुरावा होत नाही. खोक्यावर बघण्यासारखं थोडंच असतं. आपल्याकडे पाकीटबंद मालावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हे कायद्याने छापावं लागतं. त्यातलं काही नसेल, किंवा कंपनीच्या नावाचं स्पेलिंगच चुकलं असेल, तर ते खोकं संशयास्पद. पण सगळं बरोबर असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही. बरोबर मजकूर उतरवून घेणं हे तर नकलेचं पहिलं काम.

आता दुसरी गोष्ट, जिच्यात खोकं अगदी देखणं होतं.

माझा आतेभाऊ पणजीला असतो. स्कूटरवरून जेवणाची पार्सलं पोहोचवतो. गाडी दिवसभर चालू, त्यामुळे प्लग आणि फिल्टर त्याला इतरांपेक्षा लवकर लागतात. त्याने ऑनलाइन दोन्ही एकत्र मागवले, दुकानापेक्षा निम्म्या किमतीत. माल आला, आणि परत करायची मुदत संपायच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, ठेवू की परत करू? आज रात्री बारापर्यंतच घेतात." पणजीहून बेळगावला माल दाखवायला येणं शक्य नव्हतं. फोटोवरच निर्णय घ्यायचा होता.

पप्पांनी त्याला कसे फोटो काढायचे ते सांगितलं. फ्लॅश बंद, कारण चकचकीत धातूवर फ्लॅश पडला की तिथे नुसता पांढरा डाग दिसतो. खिडकीशी किंवा ट्यूबलाइटच्या बाजूला धरायचं, म्हणजे उजेड आडवा येतो आणि खड्डे-उंचवटे सावलीतून कळतात. मोबाइल अगदी नाकाशी न्यायचा नाही. फूटभर लांब धरून दुप्पट झूम करायचं, नाहीतर फोकस मागच्या टेबलावर बसतो. प्लगचे तीन फोटो: एक सरळ बाजूने, एक टोकाकडून थेट समोरून, एक पाना बसतो त्या षटकोनाचा आणि वॉशरचा.

चिनीमातीवर आणि खोक्यावर कोड होता CPR8EA-9. एनजीके कंपनीच्या पद्धतीत हा कोड म्हणजे प्लगचं वर्णनच असतं. C म्हणजे आटे १० मिलिमीटर व्यासाचे, R म्हणजे आत रोधक आहे, 8 हा उष्णतेचा क्रमांक, E म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि शेवटचा 9 म्हणजे ठिणगी पडायची फट, मेस्त्रींचा गॅप, ०.९ मिलिमीटर. गाडीच्या पुस्तकात हाच कोड होता. म्हणजे कागदावर प्लग योग्य होता. आता तो स्वतःच्या कोडशी प्रामाणिक आहे का, हे बघायचं.

टोकाकडून काढलेल्या फोटोत पहिली गोष्ट दिसली. प्लगच्या टोकाला मधे एक काडी असते आणि तिच्यावर धातूची पट्टी वाकून आलेली असते. खऱ्या प्लगमध्ये पट्टी काडीच्या बरोबर डोक्यावर येते. वरून बघितलं तर काडी पट्टीखाली झाकली जाते आणि दोन्ही बाजूंना सारखी उरते. या फोटोत पट्टी एका बाजूला सरकली होती. काडीचा एक काठ उघडा पडला होता, दुसरा पूर्ण झाकलेला. काडी स्वतःही चिनीमातीच्या वर्तुळात मधोमध नव्हती. भोवतीची पांढरी कड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. पट्टीचं टोक सरळ कापलेलं असायला हवं, ते थोडं तिरकं होतं आणि काठावर कीस राहिला होता. शिवाय पट्टी जिथे खाली कड्याला जोडली होती तिथे जोडाभोवती वितळलेल्या धातूचा थेंब बाहेर आला होता.

बाजूच्या फोटोवरून मी गॅप मोजला. मोजपट्टी लागत नाही, प्लगच स्वतःची मोजपट्टी असतो. आट्यांचा व्यास १० मिलिमीटर आहे हे माहीत आहे, आणि फोटो सरळ बाजूने काढला असेल तर आटे आणि गॅप कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात. स्क्रीनवर आट्यांची रुंदी ५२० ठिपके भरली आणि गॅप ३१. म्हणजे ३१ ला ५२० ने भागून १० ने गुणलं तर साधारण ०.६ मिलिमीटर. कोड सांगतो ०.९. माझ्या मोजण्यात दोन-तीन ठिपक्यांची चूक धरली तरी फरक मोठा राहतो. पण पप्पा म्हणाले, "नुसत्या गॅपवर जाऊ नको. प्लग हातातून पडला तरी गॅप कमी होतो." मग त्यांनी विचारलं, "फट दोन्हीकडं सारखी आहे काय?" नव्हती. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. पट्टी आणि काडी समांतर नव्हत्या. पडून असं होऊ शकतं. पण पडल्यामुळे काडी चिनीमातीत सरकत नाही आणि जोडाला थेंब येत नाही.

शेवटचं वॉशरने सांगितलं. प्लगच्या आट्यांवर एक पोकळ, दुमडलेल्या पत्र्याचा वॉशर असतो. खऱ्या प्लगवर तो असा बसवतात की फिरतो, पण सहजी निघून येत नाही. आतेभावाने षटकोनाचा फोटो काढताना वॉशर काढून शेजारी टेबलावर ठेवला होता, नीट दिसावा म्हणून! त्याने चांगुलपणाने केलेली ती गोष्ट म्हणजे आमच्यासाठी सगळ्यांत मोठा पुरावा ठरली. आट्यांकडे बघितलं तर तेही कापून काढलेले वाटत होते; दाबून काढलेल्या आट्यांच्या तळाशी जी गुळगुळीत चकाकी असते ती नव्हती, सुरुवातीच्या आट्यावर धारेचे तुकडे दिसत होते.

एकेक खूण सुटी घेतली तर तिला काहीतरी सबब देता येते. चार-पाच खुणा एकाच प्लगवर आल्या की सबबी संपतात. पप्पा फोनवर म्हणाले, "अरे, तो प्लग गाडीत घालू नको."

त्याने विचारलं की गाडी तर सुरू होते, मग काय बिघडलं? हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो रास्त आहे. डुप्लिकेट प्लगची ठिणगी पडते. पण प्लगचं काम ठिणगीवर संपत नाही. त्याचं टोक चालत्या इंजिनात साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या मधे राहायला हवं. त्याखाली राहिलं तर काजळी जळून जात नाही आणि प्लग काळा पडून ठिणगी चोरायला लागतो. त्याच्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच तापलेलं टोक पेट्रोल पेटवतं, आणि तसं सतत झालं तर पिस्टनचं डोकं वितळतं. टोकाची उष्णता किती लवकर बाहेर निघते, ते आतल्या चिनीमातीच्या लांबीवर आणि काडीच्या आतल्या तांब्यावर ठरतं. कोडमधला 8 तेच सांगतो. खोट्या प्लगवरचा 8 नुसता छापलेला असतो. आणि तो वितळलेला थेंब? कच्च्या जोडाची पट्टी तुटली तर ती सिलिंडरमध्येच पडते. दिवसाला दहा तास गाडी चालवणाऱ्याचं इंजिन उघडायची वेळ आली तर दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि बुडालेला रोजगार वेगळा.

आता फिल्टर. तो जास्त अवघड निघाला.

एअर फिल्टर म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला, पंख्यासारख्या घड्या घातलेला कागद. इंजिन जी हवा ओढतं ती या कागदातून जाते, आणि धूळ कागदावर राहते. कागद जितका जास्त तितकी धूळ साठवायला जागा जास्त. लहान चौकटीत जास्त कागद मावावा म्हणूनच घड्या. नक्कल करणाऱ्याने कागद वाचवायचा ठरवला तर तो घड्या कमी करतो. चौकट तेवढीच राहते, बाहेरून काही कळत नाही.

आतेभावाला जुना फिल्टर काढायला लावला, आणि दोन्ही शेजारी ठेवून सरळ वरून फोटो काढायला सांगितलं. जुना कंपनीच्या सर्व्हिसिंगमध्ये बसवलेला होता, म्हणून तो तुलनेला चालणार होता. मी घड्या मोजल्या. जुन्यात ५६, नव्यात ४१. मग पट्टी लावून घडीची खोली मोजायला सांगितली, कारण घड्या कमी पण खोल असतील तर हिशेब बदलतो. खोली दोन्हींत २ सेंटिमीटर, रुंदी ९ सेंटिमीटर. एका घडीला दोन बाजू, म्हणजे एका घडीचा कागद दोन गुणिले दोन गुणिले नऊ, ३६ चौरस सेंटिमीटर. ५६ घड्यांचे होतात २०१६ आणि ४१ घड्यांचे १४७६. साधारण एक ए-फोर पानाएवढा कागद कमी. म्हणजे जुन्या फिल्टरच्या पाऊण भागापेक्षाही कमी कागदातून तेवढीच हवा जाणार, आणि तो लवकर चोंदणार.

पण यावरून तो डुप्लिकेट ठरतो का? पप्पा इथे थांबले. कंपनी कागदाची जात बदलून घड्यांची संख्याही बदलू शकते. लोकल कंपन्या तर आपापल्या हिशेबाने घड्या घालतात, आणि त्यांतले काही फिल्टर चांगले असतात. संख्येपेक्षा पप्पांना घड्यांची शिस्त बघायची होती. "घड्या सरळ आहेत काय? अंतर सारखं आहे काय?"

नव्या फिल्टरच्या घड्या मधल्या भागात ठीक होत्या. एका कडेला तीन घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मोठी फट होती. चिकटलेल्या घड्यांतून हवा जात नाही, म्हणजे ४१ मधल्या तीन नावापुरत्याच. ओळी कडेला पोचता पोचता वळल्या होत्या. पण सगळ्यांत महत्त्वाची जागा असते ती घडीचं टोक आणि चौकट यांचा सांधा. हवा वाट सोपी असेल तिकडून जाते. तिथे केसाएवढी फट राहिली तर कागद कितीही चांगला असो, धूळ त्या फटीतून सरळ इंजिनात. ती फट वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही.

म्हणून शेवटचा फोटो अंधारातला. खोलीतले दिवे बंद, फिल्टरच्या मागे मोबाइलचा टॉर्च, आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो. चांगला फिल्टर सगळीकडे सारखा मंद उजळतो, कंदिलाच्या कागदासारखा. आतेभावाच्या खोलीतल्या मित्राने टॉर्च धरला. फोटोत कागद पिवळसर उजळला होता आणि एका कोपऱ्यात, जिथे घड्या चिकटल्या होत्या तिथेच, चौकटीला लागून एक पांढरी रेघ होती, नखाएवढी. टॉर्च थोडा हलवून अजून दोन फोटो काढले. रेघ जागची हलली नाही. ते प्रतिबिंब नव्हतं, आरपार फट होती.

पप्पांनी फिल्टरला "डुप्लिकेट" म्हटलं नाही. म्हणाले, "कुणाचा आहे ते मला फोटोवरून सांगता येत नाही. पण हा गळका आहे. परत कर." प्लगला मात्र त्यांनी स्पष्ट डुप्लिकेट म्हटलं. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. एक आरोप नावावर आहे, दुसरा दोषावर. जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं.

रात्री साडेअकराला आतेभावाने दोन्ही वस्तू परत करायची विनंती टाकली, सोबत तेच फोटो जोडले. पैसे आठवड्याने परत आले. तोवर तो जुन्या प्लगवर गाडी चालवत होता.

फोटोत जे कधीच दिसत नाही, त्याची यादी पप्पा अधूनमधून मला ऐकवतात. प्लगच्या आतला रोधक दिसत नाही. तो साधारण पाच किलोओहमचा असतो आणि मल्टिमीटरनेच कळतो. काडीच्या आत तांबं आहे की नाही ते दिसत नाही. फिल्टरचा कागद किती बारीक धूळ अडवतो ते दिसत नाही. त्याचा रंग तर रंगवूनही आणता येतो. काही स्कूटरच्या फिल्टरला तेल लावलेला कागद असतो, जो हवा मारून साफ करायचा नसतो. त्यातलं तेल योग्य आहे का हेही फोटो सांगत नाही. फिल्टरची खरी परीक्षा हजारेक किलोमीटरनंतर होते. त्याच्या आतल्या बाजूच्या पाइपात बोट फिरवायचं. बोटाला धूळ लागली तर फिल्टरने काम केलेलं नाही. आमच्या भागातली तांबडी माती त्या बोटावर लगेच ओळखू येते.

म्हणजे फोटोवरून निकाल देता येतो तो एकाच बाजूने. सरकलेली पट्टी, सुटा वॉशर, उजेडाची रेघ यांतलं काही दिसलं, तर फोटो पुरे. काहीच दिसलं नाही, तर फोटोने फक्त एवढं सांगितलं की आपल्याला काही दिसलं नाही. लोकांना हे पटवणं कठीण जातं. त्यांना "ओरिजिनल" हा शब्द हवा असतो, आणि तो शब्द घेऊन ते ग्रुपवर जातात, किंवा दुकानदाराशी भांडतात, किंवा निर्धास्त होऊन गाडी घाटात घालतात.

आता आम्ही दोनच उत्तरं लिहितो, टाइप करायचं काम माझं. दोष दिसला तर कुठे दिसला ते फोटोवर गोल करून पाठवते आणि लिहिते, "बसवू नका." दोष दिसला नाही तर लिहिते, "फोटोत दोष दिसत नाही. बसवायच्या आधी कुणाला तरी हातात घेऊन बघायला सांगा." तिसरं उत्तर मागणारे बरेच असतात. त्यांना पप्पा फोन करून सांगतात, "या की गॅरेजला, चहा घेऊ आणि बघू."